उत्तर: निकालाच्या दिवसासाठी किती सर्व्हर?

> "सांगलीतल्या आमच्या क्लासची निकालाची साइट. गेल्या वर्षी ४ सर्व्हर, पीक सेकंदाला ४२० रिक्वेस्ट. यंदा ८ घेतले की झालं ना?"

आधी तो ४२० चा ग्राफ सेकंदागणिक काढून बघा. टोक न येता रेघ काही मिनिटं सपाट असेल आणि त्याच वेळी 504, 499 हे एरर कोड वाढले असतील, तर तो पीक पोरांचा नाही, तुमच्या सर्व्हरांचा आहे. तेवढंच त्यांना झेपलं. मागणी किती होती ते त्यातून कळतच नाही.

मागणी काढायला सर्व्हरांच्या पुढे असलेल्या nginx च्या लॉगमधून पहिल्या मिनिटातले वेगवेगळे बैठक क्रमांक मोजा. आयपी मोजू नका, मोबाइल नेटवर्कवर एकामागे शेकडो पोरं असतात. रिफ्रेशचा मारा यात आपोआप गळतो. समजा १२,००० निघाले आणि प्रत्येकाच्या ३ रिक्वेस्ट. मिनिटाला ३६,०००, म्हणजे सेकंदाला ६०० सरासरी. एकच्या ठोक्याला सगळे तुटून पडतात, म्हणून दीडपट, ९०० धरा.

४२० भागिले ४, म्हणजे एका सर्व्हरची कमाल १०५ झाली. पण तिथवर नेलंत की रांग लागते, म्हणून ७० टक्केच, साधारण ७३. ९०० भागिले ७३ म्हणजे १३, आणि एखादा बसलाच तर म्हणून १४. आठात भागणार नाही.

सर्व्हर वाढवताना डेटाबेसचं max_connections मात्र तपासा. १४ सर्व्हरांचे कनेक्शन पूल मिळून ते ओलांडलं, तर सर्व्हर निवांत आणि साइट बंद. ऑटोस्केलिंगवर विसंबू नका, नवं मशीन उभं राहीपर्यंत गर्दी ओसरलेली असते. साडेबारालाच सगळे चालू ठेवा.