अनुभव धागा: गेम जपानीत गेला, परत कसा आणलात?

सुमेधा_के: मंडळी, भाचेकंपनी सुट्टीत आमच्या स्विचची भाषा जपानी करून घरी गेली. ॲनिमल क्रॉसिंगमध्ये भाषेचा पर्यायच नसतो, तो कन्सोलची भाषा उचलतो. म्हणून होम स्क्रीनच्या खालच्या ओळीतलं दातेरी चाक उघडलं, डावीकडची यादी तळापर्यंत नेली, शेवटचं 本体 निवडलं आणि उजवीकडे 言語. आत English इंग्रजीतच लिहिलेलं होतं. कन्सोल रीस्टार्ट झाला, बेट जसंच्या तसं. तुम्ही कसं निस्तरलंत?

खेळगडी: ताई, त्याच पानावर अगदी खाली 初期化 आहे. तिथे बोट नको, ते कन्सोल कोरा करण्याचं दार आहे. 地域 म्हणजे प्रदेश, त्यालाही हात लावायची गरज नाही. आणि जुन्या जपानी प्लेस्टेशनवर ○ म्हणजे ‘हो’, × म्हणजे ‘मागे’. आपला अंगठा नेमका उलटा जातो. はい हो, いいえ नाही, एवढी दोन पक्की करा.

बंड्या७७: एवढं कशाला? कन्सोलची भाषा बदलली की सगळे गेम आपोआप बदलतात.

खेळगडी: सगळे नाही रे. पोकेमॉन स्वॉर्ड-शील्ड (2019) सुरुवातीलाच भाषा विचारतो आणि ती त्या सेव्हला कायमची चिकटते. बदलायची तर सेव्ह उडवून पहिल्यापासून खेळायचं.

पुणेरी_पिकाचू: माझ्याकडे डीएसवरचं जपानी पोकेमॉन डायमंड आहे, सेकंडहँड. せってい उघडून पाहिलं: मजकुराचा वेग, आवाज, खिडकीची चौकट. भाषा कुठेच नाही, कारण कार्ट्रिजमध्येच फक्त जपानी भरलेलं. मग मेन्यू पाठ केला. バッグ म्हणजे पिशवी, レポート म्हणजे सेव्ह. पिशवीत वस्तूशेजारी चित्र असतं, त्यामुळे キズぐすり हे औषध लगेच कळलं. कथेतलं ओ की ठो कळत नाही, पण जिम जिंकतोय.

अनघा_नाशिक: आमच्याकडे माइनक्राफ्ट जावा. पहिल्या पडद्यावर पृथ्वीगोलाचं छोटं बटण आहे, त्यात भाषांची यादी. लेकाला ते सापडेना, तो पेटीतल्या वस्तूंची नावं वाचत बसलेला! मी गेम बंद केला, `%appdata%\.minecraft` मधली `options.txt` नोटपॅडमध्ये उघडली आणि `lang:ja_jp` ची ओळ अशी केली:

```
lang:en_us
```

गेम चालू असताना केलंत तर तो बंद होताना स्वतःची जुनी सेटिंग परत लिहू शकतो, म्हणून आधी बंद.

सावळागोंधळ: मला उलट हवंय. आवाज जपानी राहू दे, अक्षरं तेवढी इंग्रजी. जमतं का?

खेळगडी: गेमवर आहे. सेटिंगमध्ये 音声 (आवाज) आणि 字幕 (सबटायटल) वेगळे दिसले तर जमेल. कुठला गेम?

सावळागोंधळ: नावच जपानीत आहे हो, वाचता कुठे येतंय! रात्री फोटो टाकतो.