महिनाभर दुकान भाच्याकडे सोपवतेय. यादीत काय राहतंय?

पुढच्या आठवड्यापासून महिनाभर मी नाही. स्टेशनरीचं दुकान भाचा सांभाळेल. पोरगा प्रामाणिक आहे, म्हणूनच जास्त काळजी वाटते. हिशोबात फरक आला तर स्वतःलाच दोष देत बसेल. किल्ल्या, मालाची आणि उधारीची वही, पुरवठादारांचे फोन, उघडायच्या-मिटायच्या वेळा एवढं लिहून काढलंय. रोख कशी सोपवावी ते सुचत नाही.

जुना_गल्ला: गल्ल्यात ठरावीक सुट्टे ठेवा, समजा २०००. दोघांनी मोजून वहीत सह्या करा. रोज रात्री त्याने २००० मागे ठेवायचे आणि वरची रक्कम तारीख घालून पाकिटात. पाकीट भरण्याआधी गल्ल्यात एवढी रोख हवी: सुट्टे अधिक रोख विक्री अधिक उधारीची रोख वसुली, त्यातून गल्ल्यातून दिलेले पैसे वजा. मोबाइलवर आलेले पैसे वेगळ्या रकान्यात. नवखा माणूस ते रोख विक्रीत धरतो आणि गल्ला उगाच कमी दिसतो.

शटर_डाऊन: त्याआधी सगळा माल एकेक नग मोजा. नाहीतर महिन्याने काय गेलं ते कळणारच नाही.

जुना_गल्ला: मोजणी हवीच, पण सुटी पेन्सिल-खोडरबरं मोजण्यात दोन दिवस जातील. महाग आणि भराभर खपणारा माल नगावर मोजा, बाकीचा खोक्यांवर. दुकान बंद असतानाच मोजा; मध्येच विक्री झाली की आकडा बिघडतो.

वहीवाला: भाडेकरार केलाय का? आधी तो करा.

धागाकर्ती: दुकान भाड्याने देत नाहीये हो, फक्त महिनाभर तो बसणार आहे.

काल त्याच्याकडून सराव करून घेतला. २००० सुट्टे, ६५०० विक्री, ६३० वसुली, १२०० पुरवठादाराला. ७९३० हवे होते, निघाले ७६६०. २७० कमी! त्याचा चेहराच उतरला.

जुना_गल्ला: २७० ला ९ ने भाग जातो. असं झालं की आधी उलटे लिहिलेले आकडे शोधा. वसुली ३६० तर नव्हती?

धागाकर्ती: हो! उधारीच्या वहीत ३६०च आहे.

दोन_किल्ल्या: माझ्या भावाने जादा किल्ली दुकानातल्याच खणात ठेवली होती. शटरची हरवली आणि पूर्ण दिवस बाहेर उभा राहिला. जादा किल्ली तिसऱ्याच्या घरी ठेवा, आणि कोणती किल्ली कशाची ते त्याला स्वतः लावून बघू द्या.

धागाकर्ती: हे यादीत नव्हतंच, घालते. नवी उधारी द्यायची मुभा द्यावी का? बंद केली तर नेहमीची गिऱ्हाइकं नाराज होतील.

शटर_डाऊन: अजिबात नको. त्याला माणसं कुठे माहीत आहेत?

जुना_गल्ला: मी दहा नावं लिहून दिली होती, प्रत्येकापुढे मर्यादा टाकून. तरी एक रक्कम अजून यायची आहे.