मदत हवी आहे: सेंट्रिओल नसताना कांद्याच्या पेशीत तुर्कतंतू तयार होतात कसे?

गोदाकाठ, नाशिकरोड
नमस्कार. मी दहावी-अकरावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. परवा कांद्याच्या मुळाची स्लाइड केली. पाण्याच्या ग्लासावर लाल कांदा ठेवला होता, तिसऱ्या दिवशी मुळं फुटली. टोकं ॲसिटोकार्माइनमध्ये गरम करून काचेखाली चेपली. एका पेशीत गुणसूत्रांचे दोन गठ्ठे एकमेकांपासून लांब जाताना अगदी स्वच्छ दिसत होते. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुर्कतंतू सेंट्रिओलपासून निघतात असं शिकवलंत. कांद्यात सेंट्रिओलच नाहीत, मग हे ओढतंय कोण?" मला उत्तर देता आलं नाही. कुणी नीट समजावेल का?

मागचा बाक
प्राण्यांच्या पेशीला भिंत नसते, म्हणून तिला दोन टोकं ठरवायला सेंट्रिओल लागतात. वनस्पतींत विभाजनाच्या आधी भिंतीलगत सूक्ष्मनलिकांचा, म्हणजे प्रथिनाच्या बारीक नळ्यांचा, एक पट्टा तयार होतो. सेंट्रिओलचं काम तोच करतो. एम.एस्सी.ला मी हेच लिहिलं होतं.

निफाडकर
मुळांचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्या कांद्याच्या रोपांवर तणनाशक पेंडीमिथॅलिन जरा जास्त पडलं. रोपं उपटून पाहिली तर मुळांची टोकं गदेसारखी फुगलेली आणि लांबी वाढलेलीच नाही. सेंट्रिओल नसल्यामुळे असं होतं का?

जुनी प्रयोगशाळा
ताई, मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. गाठ सुटते ती एका गोष्टीने: तुर्कतंतू म्हणजे सूक्ष्मनलिका, आणि सूक्ष्मनलिका सुरू करायला सेंट्रिओल लागत नाही. लागतं ते गॅमा ट्यूब्युलिनच्या प्रथिनांचं एक कडं. प्राण्यांत ही कडी बहुतेक सेंट्रिओलभोवतीच्या लगद्यात जमलेली असतात, म्हणून सगळं श्रेय सेंट्रिओलला जातं. कांद्यात ती विखुरलेली असतात. पूर्वावस्थेत ती केंद्रकाच्या पृष्ठभागावर कामाला लागतात, नलिका तिथेच उगवतात आणि केंद्रकाच्या दोन बाजूंना त्यांच्या टोप्या होतात.

केंद्रकावरण फुटलं की खरी गर्दी गुणसूत्रांजवळ होते. ऑगमिन नावाचं प्रथिन आधीच्या नलिकेच्या अंगावर नवं कडं बसवतं आणि तिथून तिरकी फांदी फुटते. एकीच्या दहा होतात त्या अशा. मग मोटर प्रथिनं त्यांना शिस्त लावतात: कायनेसिन-५ उलटसुलट पडलेल्या नलिकांना दोन दिशांना सरकवतं, कायनेसिन-१४ त्यांची मागची टोकं एकत्र गोळा करतं. टोकं एका बिंदूत मात्र मिळत नाहीत. म्हणून तुमच्या कांद्यातला तुर्क टोकदार चातीसारखा नसून दोन्हीकडे रुंद, पिंपासारखा असतो. ॲसिटोकार्माइन गुणसूत्रं रंगवतं, नलिका नाही, म्हणून तो तुम्हाला दिसला नाही.

मागचा बाक, पट्ट्याचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पेशी कुठे दुभंगणार ती जागा तो ठरवतो, आणि तुर्काची दिशा स्थिर ठेवायला मदत करतो. पण तुर्क बांधत नाही. शहाळ्याच्या पाण्यात केंद्रकं भिंतीविना मोकळी विभागत असतात, तिथे पट्टा नसतो, तरी तुर्क तयार होतो.

मागचा बाक
शहाळ्याचं लक्षात आलं नव्हतं. मग प्राण्यांना सेंट्रिओल कशाला?

जुनी प्रयोगशाळा
मुख्यतः शेपटीसाठी. पेशीची शेपटी म्हणजे कशाभिका, किंवा केसासारखी पक्ष्माभिका, सेंट्रिओलवरच उभी राहते. 2006 साली सेंट्रिओल नसलेल्या फळमाश्या तयार केल्या गेल्या. त्यांच्या पेशी विभागत राहिल्या, माशी पूर्ण वाढली, पण संवेदी चेतापेशींत पक्ष्माभिका नसल्याने तिला हालचाल जुळवता येईना आणि ती लवकर मेली. वनस्पतींतही हाच हिशेब आहे. नेचे, सायकस आणि गिंको यांचे नर युग्मक पोहतात, तर त्यांच्यात सेंट्रिओल ऐनवेळी नव्याने तयार होतात. गिंकोतले असे पोहणारे युग्मक हिरासे यांनी जपानमध्ये 1896 साली पाहिले. फुलझाडांत परागनलिका युग्मक थेट पोचवते, पोहायचं कारणच उरलं नाही, म्हणून सेंट्रिओलही गेले. बंगल्यांच्या अंगणात सायकस पुष्कळ दिसतो, मुलांना दाखवा.

निफाडकर, सेंट्रिओलचा दोष नाही. नलिका ज्या प्रथिनाच्या बनतात त्या वनस्पतीच्या ट्यूब्युलिनला पेंडीमिथॅलिन चिकटतं, मग नलिकाच बनत नाहीत. गुणसूत्रं पेशीत अस्ताव्यस्त पडून राहतात, विभाजन अडतं. पेशी लांब व्हायच्या ऐवजी चहूबाजूंनी फुगतात, तीच तुमची गदा. औषधाचं प्रमाण आणि नवी मुळं येतायत का, ते दोन्ही घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा.

निफाडकर
आठ दिवसांत नवी मुळं दिसली तर रोपं लावतो, नाहीतर पुन्हा बी टाकावं लागेल.

गोदाकाठ, नाशिकरोड
मनापासून आभार. सोमवारी मुलांना हेच सांगते. एक राहिलं: दोनच ध्रुव का होतात? तीन-चार का नाहीत?

जुनी प्रयोगशाळा
कायनेसिन-५ नलिकांना दोन विरुद्ध दिशांना ढकलतं, आणि सुरुवातीच्या दोन टोप्या दिशा देतात. पण टोप्यांशिवायही शेवटी दोनच ध्रुव का उरतात, यावर माझं स्वतःचं समाधान झालेलं नाही. मुलीला तेही सांगा.