मदत हवी आहे: सहप्रवाशाला न दुखावता कसं थांबवायचं?

पुढच्या आठवड्यात आझाद हिंदने पुण्याहून हावड्याला जातेय. तिकीट आरएसी, म्हणजे साइड लोअरवर गुडघ्याला गुडघा लावून दोघं. कन्फर्म झालं नाही तर उठून जायलाही जागा नाही.

गप्पांचं मला वावडं नाही. पण मागच्या वेळी समोरच्या काकू दौंड येईपर्यंत सुनेच्या घटस्फोटावर आल्या, मनमाडला वकिलाची फी, आणि मग "तूच सांग, चूक कोणाची?" मी पुस्तक उघडलं तर म्हणाल्या, "वाच हो, मी बोलते." समोरच्याच्या तोंडावर कानात इअरफोन घालणं उद्धटपणाचं वाटतं. झोपेचं निमित्त रात्री दहानंतर चालतं, दुपारी काय? "काकू, हे घरचं आहे, मी काय बोलणार" असं सरळ म्हटलं तर चालेल का? तुम्ही नेमकं काय म्हणता?