मदत हवी आहे: दोन पात्रे, एक दार आणि कलाकार मी एकटाच

उंबरठा: नमस्कार. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातले दोन मिनिटांचे प्रहसन मी माझ्या खोलीच्या दारात, मोबाइल ट्रायपॉडला लावून, एकट्यानेच चित्रित करतो आहे. मालक भाडे मागायला येतो, भाडेकरू चहा देऊन विषय टाळत राहतो आणि शेवटी मालकच वाटीभर साखर उसनी घेऊन परततो. चाचणी जोडून पाहिली, तर दोघे एकमेकांशी न बोलता तिसऱ्याच कुणाशी बोलत आहेत असे वाटते. कप एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना तर साफ फसतो. पाचशे रुपयांपलीकडे खर्च जमणार नाही. संहितेत काय बदलावे?

पडद्यामागे: मोबाइल न हलवता दोन्ही बाजू वेगवेगळ्या चित्रित करा आणि संकलनात मधोमध जोडा. एवढ्याने काम होते.

जुना विंगकर: जोड दिसणार नाही हे खरे, पण हात मधली रेषा ओलांडताच कापला जातो, आणि यांचा कप नेमका तिथेच अडकतो. मूळ दोष नजरेचा आहे. चाचणीत दोघेही चौकटीच्या एकाच बाजूला पाहत असणार. मालक उजवीकडे पाहत असेल, तर भाडेकरूने डावीकडेच पाहावे. समोर केरसुणी उभी करून तिच्यावर आपल्या डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टी लावा आणि तिच्याशी बोला.

कप हातात देऊच नका. भाडेकरू तो दाराजवळच्या स्टुलावर ठेवतो आणि "निवतोय हो" म्हणतो. मग नुसत्या कपाचे जवळचे दृश्य, आणि त्यानंतर मालकाचा हात तो उचलतो. साखरेच्या वाटीलाही हेच लागू. संहितेत प्रत्येक वाक्यासमोर ऐकणारा काय करतो तेही लिहा, कारण हशा बहुधा त्या चेहऱ्यावर येतो. आधी मालकाची सगळी वाक्ये उरका, मग कपडे बदला. मोबाइलमध्ये उजेड आणि फोकस लॉक करा, नाहीतर ढग आला की एकाच संभाषणात दुपारची संध्याकाळ होते.

शेजारीण: आमच्या गल्लीतल्या नाट्यमंडळातली मुले चहा-वड्यावर काम करतात. दुसरा कलाकार बोलवा की!

उंबरठा: ताई, मुले मिळतील, पण दोघांचा चेहरा एकच असणे हाच माझा विनोद आहे. विंगकरसाहेब, केरसुणी आणि स्टूल दोन्ही लागू पडले. मात्र समोरच्याची वाक्ये जुन्या फोनवर ध्वनिमुद्रित करून, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कानात ऐकत बोललो, तर वेळ जुळते पण अभिनय पाठ केल्यासारखा होतो.

जुना विंगकर: वाक्यांमध्ये मोकळी जागा जास्त सोडा, ती संकलनात कापता येते.

पडद्यामागे: तरीही दोघे एका चौकटीत एकदा तरी दिसायलाच हवेत, नाहीतर प्रेक्षकांना पटत नाही.

जुना विंगकर: सुरुवातीला, हात खाली ठेवून, एकदा चालेल. पण दोन मिनिटांच्या प्रहसनाला त्याची गरज आहे असे मला अजूनही वाटत नाही.