मोटरचा पलंग आणि स्मार्ट गादी: पैसे नेमके कशाचे मोजावेत?

गोदाकाठ

आईबाबांसाठी पलंग घ्यायचा आहे. बाबा ७४ वर्षांचे. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, शिवाय घोरतात. आईचे पाय संध्याकाळपर्यंत सुजतात. दोघं एकाच डबल बेडवर झोपतात. दुकानात मोटरवर डोक्याची आणि पायांची बाजू उचलणारा पलंग दाखवला. त्यात झीरो ग्रॅव्हिटीचं बटण, मसाज, खाली दिवा, घोरणं ओळखून आपोआप डोकं वर करणं, आणि वर झोपेचा अहवाल मोबाइलवर देणारी गादी. साध्या पलंगाच्या कितीतरी पट किंमत सांगतात. यातलं कामाचं काय आणि नुसता दिखावा काय?

सह्यकडा

सगळाच दिखावा. माझ्या वडिलांनाही हाच त्रास होता. डॉक्टरांनी पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली ठोकळे ठेवायला सांगितले. सुताराकडून सागवानी ठोकळे करून घेतले, वर खाच मारली म्हणजे पाय घसरत नाही. त्रास बराच कमी झाला. ठोकळे नको असतील तर दोन उशा जास्त घ्या, परिणाम तोच. मोटरची गरज कशाला?

फोमवाला

ठोकळ्यांचं बरोबर आहे, उशांचं नाही. आमचा गाद्यांचा धंदा आहे आणि असे पलंग मी स्वतः बसवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उशा वाढवल्या की मान आणि खांदे वर जातात, पण छातीचा खालचा भाग गादीवरच राहतो. माणूस पोटात दुमडतो, पोटावर दाब वाढतो आणि आम्ल उलट वर ढकललं जातं. शिवाय मध्यरात्री उशा सरकतात. उचलायचं असतं ते कमरेपासूनचं सगळं धड, एका सरळ उतारावर. ठोकळ्यांनी हे साधतं, कारण आख्खा पलंगच तिरका होतो. मोटरच्या पलंगातही साधतं, पण त्याचा सांधा माणसाच्या कमरेखाली आला तरच. म्हणून दुकानात बाबांना प्रत्यक्ष झोपवून बघा. पाठीच्या फळीचा सांधा बरगड्यांखाली येत असेल तर तो पलंग त्यांच्या उंचीला बसत नाही, मग त्यात कितीही बटणं असोत.

आता किती उचलायचं. डोक्याची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलायला डॉक्टर सांगतात. या पलंगांची पाठीची फळी साधारण ७५ सेंटिमीटर असते. तिचं टोक २० सेंटिमीटर वर गेलं की जेमतेम १५ अंशांचा उतार होतो, आणि त्यावर कुशीवरही झोपता येतं. डाव्या कुशीवर झोपले तर या त्रासात आणखी बरं. म्हणजे ‘आमचा पलंग ६० अंश उचलतो, त्यांचा ५०च’ या चढाओढीचा रात्रीच्या झोपेशी संबंध नाही. तेवढी उंची वाचायला आणि उठून बसायला. रिमोटवरच्या आकड्यापेक्षा टेपने मोजा. टोक हव्या त्या उंचीवर आणा आणि ती जागा मेमरीच्या बटणावर साठवता येते का ते बघा. हे बटण मात्र पैशांचं चीज करतं, कारण झोपेत असलेल्या माणसाला रोज अंदाज घ्यावा लागत नाही.

एक अडचण राहते, उतारावरून माणूस खाली घसरतो. त्यासाठी गुडघ्यांखालचा भाग किंचित उचलायचा, चारपाच बोटं पुरे. फार उचललं तर पुन्हा पोट दुमडतं. झीरो ग्रॅव्हिटीच्या बटणात गुडघे बरेच वर जातात, त्यामुळे तुमच्या बाबांसाठी ते तसंच्या तसं वापरू नका. नाव मोठं असलं तरी ती कारखान्यात ठरवून ठेवलेली एक जागा आहे, एवढंच.

सह्यकडा

म्हणजे ठोकळ्यांनी भागतं हे तुम्हीही मान्य करता. मग लाखाच्या घरातली खरेदी कशाला सुचवता?

फोमवाला

बाबा एकटे झोपत असते तर मीही ठोकळेच सांगितले असते. पण त्याच पलंगावर आई आहे आणि तिचे पाय सुजतात. डोक्याकडे ठोकळे ठेवले की तिचे पाय हृदयाच्या खाली जाणार, म्हणजे तिला हवं त्याच्या बरोबर उलट. एकच अखंड मोटरचा पलंग घेतला तरी तेच, दोघांना एकत्र वरखाली व्हावं लागणार. या घरात पैसे मोजायचे तर दोन स्वतंत्र भागांचे मोजावेत. आपल्याकडे ७८ बाय ७२ इंचांचा पलंग सर्रास असतो, त्यावर ७८ बाय ३६ च्या दोन गाद्या, खाली दोन वेगळ्या चौकटी आणि दोन रिमोट. मसाज, दिवा, मोबाइल ॲप सगळं काढून टाका आणि तो पैसा इथे लावा.

मसाज म्हणजे फळीखाली बसवलेल्या छोट्या मोटरीची थरथर, स्नायू दाबले जात नाहीत. काही महिन्यांनी लाकडी चौकट खडखडायला लागली की लोक बंदच ठेवतात. पलंगाखालच्या दिव्यापेक्षा हालचालीवर लागणारा सेलचा दिवा स्वस्त, आणि बाथरूमच्या वाटेवरही लावता येतो.

सातारचे काका

आईंना आमच्या इथे हॉस्पिटलसारखा पलंग भाड्याने आणला होता, हाताने दांडा फिरवायचा. बाजूला कठडे, चाकं, सगळं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तोच चांगला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादीही मिळते. तुम्ही उगाच नवं विकत घेऊ नका.

गोदाकाठ

काका, मनापासून आभार. पण बाबा अंथरुणाला खिळलेले नाहीत, रोज सकाळी इथे नाशिकला गोदावरीवर फिरायला जातात. आईसुद्धा स्वयंपाक करते. त्रास फक्त रात्रीचा आहे.

सातारचे काका

बरं मग. तरी एक सांगतो, उंची बघा. पलंगाच्या कडेला बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. दुकानात चौकटीवर दहा इंची गादी टाकून ठेवतात आणि म्हातारी माणसं लोंबकळत बसतात. पडायची भीती तिथे जास्त.

रातराणी

मी झोपेच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. पलंगाचं ठरवण्याआधी दोन गोष्टी करा.

आईंची सूज डॉक्टरांना दाखवा. आडवं झाल्यावर धाप लागते का, उशा वाढवाव्या लागतात का, हे विचारून घ्या. सूज हृदयामुळे असेल तर पाय वर केल्यावर पायातलं पाणी परत रक्तात येऊन धाप वाढू शकते. नुसती उभं राहून येणारी किंवा शिरांची सूज असेल तर पाय उचलण्याचा उपयोग होतो. हे पलंगाच्या दुकानात ठरत नाही.

दुसरं बाबांचं घोरणं. घोरता घोरता एकदम शांतता, मग दचकून श्वास, दिवसा पेंग, असं असेल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्या. डोकं उचलल्याने काही जणांचं घोरणं कमी होतं, विशेषतः पाठीवर झोपणाऱ्यांचं. पण आवाज कमी होणं म्हणजे श्वास थांबणं बंद होणं नव्हे. घोरण्याचा आवाज किंवा कंप ओळखून आपोआप उचलणारा पलंग या आजारात धोक्याची खूणच पुसतो आणि झोपेत दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या सीपॅप मशीनपर्यंत माणूस पोचायला उशीर होतो. माझ्या मते या सगळ्या यादीत सर्वात नको ते हेच.

गादीचा झोपेचा अहवाल किती वेळ झोपलात ते साधारण बरा सांगतो. गाढ झोप किती, स्वप्नांची किती, हे मात्र आम्ही मेंदूच्या लहरींवरून ठरवतो. गादी हृदयाचे ठोके आणि हालचाल यांवरून अंदाज बांधते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१८ मध्येच सांगितलं आहे की अशी घरगुती साधनं निदानासाठी वापरू नयेत. बाबांना रोज सकाळी गुण मिळायला लागले तर काळजीनेच झोप उडेल.

एडिसनकर

सगळे स्मार्ट गादीच्या मागे लागलात, म्हणून दुसरी बाजू. मी न्यू जर्सीत राहते. पाळी जाण्याच्या वयात रात्री घामाने भिजून उठायचे, आणि नवऱ्याला मात्र थंडी वाजायची. आम्ही पाणी फिरवून गार किंवा गरम होणारं आच्छादन घेतलं, दोन्ही बाजूंचं तापमान वेगळं. झोप खरोखर सुधारली. झोपेचे आलेख मीही बघत नाही, पण तापमानाचा भाग दिखावा म्हणणं मला पटत नाही.

फोमवाला

ताई, तापमान दिखावा नाही. शरीर थंड व्हायला लागलं की झोप लागते, हे खरंच आहे. आक्षेप आहे तो ते इंटरनेटच्या आणि वर्गणीच्या दोरीला बांधण्यावर. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला तेव्हा एट स्लीप कंपनीच्या गाद्या लोकांना ॲपवरून हलवता येईनात. कुणाची गरम होऊन बसली, कुणाची वर उचललेल्या अवस्थेत अडकली. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि नंतर ब्लूटूथवरून चालवायची सोय दिली. खरेदीआधी घरचं वायफाय बंद करून गादी हलते का, एवढं तरी बघावं.

एडिसनकर

तो दिवस मलाही आठवतो. वर्गणी खुपते, हेही खरं. पण भिजून उठण्यापेक्षा ती मी भरेन. ज्याला त्रास नाही त्याला ती महाग वाटणारच.

रातराणी

तुमच्या बाबतीत मान्य. पण ७४ वर्षांच्या बाबांसाठी नाशिकच्या घरात पंखा, कूलर, एसी जे आहे त्याच्यापुढे किती फरक पडेल?

गोदाकाठ

खूप उपयोग झाला. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, दोघांसाठी. पलंगाचं म्हणाल तर दोन प्रश्न उरतात. आमच्या पलंगात सामानाचा बॉक्स आहे, आईची गोधडी, पाहुण्यांच्या गाद्या सगळं त्यात. आणि लाईट गेली तर उचललेला पलंग तसाच राहणार का?

फोमवाला

बॉक्स जाणार. खाली मोटर आणि सांगाडा असतो, सामान अडकून मोटर जाते. बहुतेक घरं तिथेच अडतात, आईशी आधी बोला. मच्छरदाणी लावत असाल तर तीही दोन भागांवर नीट बसत नाही.

लाईटचं म्हणजे, कित्येक पलंगांच्या अडॅप्टरमध्ये नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या टाकायची जागा असते. त्यांवर पलंग एकदा खाली आणता येतो, तेवढंच. दुकानात प्लग काढून पलंग खाली आणून दाखवायला सांगा, टाळाटाळ केली तर तिथून निघा. शिवाय मोटरीच्या पट्टीवर बरेचदा लिहिलेलं असतं, २ मिनिटं चालू, १८ मिनिटं बंद. नातवंडांनी खेळ केला की मोटर तापून बंद पडते आणि लोक बिघडली म्हणून फोन करतात.

गादी काथ्याची घेऊ नका, वाकताना तुटते. लॅटेक्स किंवा चांगला फोम, सहा ते आठ इंच.

सह्यकडा

आईचे पाय दिवसा उशीवर ठेवता येतात, बाबांसाठी वेगळी सिंगल कॉट घेऊन खाली माझे ठोकळे. बॉक्सही वाचेल, पैसेही. अजूनही मला हेच योग्य वाटतं.

गोदाकाठ

दादा, हे मीही सुचवलं होतं. आई म्हणते, एवढ्या वर्षांनी वेगळी कॉट नको.

सह्यकडा

मग दोन भागांचाच घ्या. पण मसाजचे पैसे देऊ नका.