मदत हवी आहे: 2017 च्या लेखाखाली लेखकाचा आजचा परिचय दिसतोय, तेव्हाचा कसा दाखवायचा?

तापीकाठ
रावेर-यावल भागातले आम्ही काही जण केळीची माहिती देणारी साईट चालवतो. वर्डप्रेसवर आहे, लिहिणारे सगळे ओळखीतले. प्रत्येक लेखाच्या तळाशी लेखकाचा चार ओळींचा परिचय येतो.

आमच्या एका लेखकाने जून 2017 मध्ये लिहिलं होतं की मृगबागेला कंद लावण्यापेक्षा टिश्यूकल्चरची रोपं घ्या. तेव्हा ते कॉलेजात शिकवत होते. 2022 मध्ये ते रोपं विकणाऱ्या एका कंपनीचे सल्लागार झाले आणि परिचयात तसं लिहिलं गेलं. आता कुणीतरी त्या लेखाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलाय. वर तारीख जून 2017, खाली 'कंपनीचे सल्लागार'. झालं! 'पैसे घेऊन रोपं खपवली' म्हणून गावोगावी चर्चा. हरण्या रोगामुळे ज्यांनी बाग उपटून फेकली ते तर ऐकूनच घेत नाहीत.

2017 मध्ये तिथे कंपनीचं नाव नव्हतं हे कसं दाखवू? आणि पुढे हे होऊ नये म्हणून परिचयांची नोंद कशी ठेवू?

सुनंदाताई
दादा, माझ्या भाचीच्या बायोडाट्याचंही असंच झालं. नोकरी सुटली तरी जुनाच फिरतोय, साक्रीहून स्थळं येतात ती त्यावरूनच. मी आता प्रत्येक बायोडाट्याच्या कोपऱ्यात महिना आणि साल टाकते.

तापीकाठ
ताई, आमचा प्रश्न लग्नाचा नाही :) पण महिना-साल टाकायचं लक्षात ठेवतो.

कोडवाला_धुळे
यात एवढं काय भो? सगळे परिचय गिटमध्ये टाका, नाहीतर गूगल डॉकमध्ये. कोणी कधी काय बदललं ते आपोआप राहतं. विषय संपला.

जुनं_दप्तर
कोडवाला, अर्धा विषय संपला. त्यावर पुढे येतो. आधी तापीकाठांची आग विझवू.

वर्डप्रेसमध्ये लेखाच्या जुन्या आवृत्त्या राहतात, परिचयाच्या नाही. परिचय लेखात साठवलेलाच नसतो. तो लेखकाच्या खात्यात एकदाच असतो आणि पान उघडलं की त्या क्षणी तिथून उचलला जातो. म्हणून 2022 मध्ये एक ओळ बदलली की त्यांच्या सगळ्या जुन्या लेखांखाली तीच दिसायला लागते. स्क्रीनशॉट खोटा नाही, पण त्यातला परिचय स्क्रीनशॉट काढला त्या दिवसाचा आहे.

त्या स्क्रीनशॉटमध्ये त्यांच्या शिक्षणाबद्दल नेमकं काय लिहिलंय?

तापीकाठ
'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी.'

जुनं_दप्तर
मग पहिला धागा हाती लागला. विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव 2018 मध्ये मिळालं, त्याआधी ते नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. म्हणजे हा मजकूर जून 2017 चा असूच शकत नाही. हे कुठल्याही शेतकऱ्याला पटेल, त्याला डेटाबेस दाखवावा लागत नाही.

पण यातून फार ताणू नका. परिचय 2018 नंतर कधीतरी बदलला, एवढंच सिद्ध होतं. कंपनीची ओळ आधीपासून होती आणि नंतर फक्त विद्यापीठाचं नाव सुधारलं, असं कोणी म्हणालं तर हा मुद्दा तिथेच पडतो. त्यासाठी मधल्या काळातला परिचय लागेल. दोन ठिकाणी शोधा.

एक, `web.archive.org` वर त्या लेखाचा पत्ता टाका. प्रत सापडली तर तिच्या पत्त्यात चौदा आकडे असतात: साल, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. वेळ आपली नसते, साडेपाच तास पुढे धरायची. प्रत सांगते की त्या दिवशी पानावर हे होतं. ते कधीपासून होतं हे सांगत नाही.

दोन, होस्टिंगचे जुने बॅकअप. चालू साईटवर नको, बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडा आणि हे चालवा. 7 च्या जागी त्या लेखकाचा क्रमांक:

```
SELECT meta_value FROM wp_usermeta
WHERE user_id = 7 AND meta_key = 'description';
```

काही साईटवर `wp_` ऐवजी दुसरं काही असतं, तेवढं बघून घ्या.

तापीकाठ
बॅकअप फक्त 2021 च्या मार्चचा मिळाला, एका पेनड्राइव्हमध्ये. त्यात परिचय आहे, कंपनी नाही, विद्यापीठाचं नाव मात्र नवं आहे. आर्काइव्हवर नोव्हेंबर 2017 ची एक प्रत सापडली: नाव जुनं, कंपनी नाही.

जुनं_दप्तर
झकास. आता ओळीने मांडा: लेख जून 2017, नोव्हेंबर 2017 ला कंपनी नाही, मार्च 2021 लाही नाही, नेमणूक 2022. नेमणुकीचं पत्र लेखकाकडून घ्या, पगाराचा आकडा झाकून. लेखाच्या तळाशी दोन वाक्यं पुरे: 'हा लेख लिहिताना लेखक अमुक कॉलेजात शिकवत होते. 2022 पासून ते रोपं विकणाऱ्या कंपनीचे सल्लागार आहेत.' दुसरं वाक्य गाळू नका, नाहीतर उलटा संशय येईल.

आता पुढची नोंद, आणि कोडवालांचं गिट. गिट काय किंवा डॉक काय, बदल *आपण* कधी लिहिला ते सांगतं. गोष्ट *खरी* कधी झाली ते नाही. समजा लेखक 1 जूनला कंपनीत गेला, त्याचा रोपांवरचा लेख जुलैत आला आणि आपल्याला सप्टेंबरात कळलं. सप्टेंबरची एकच तारीख असेल तर जुलैच्या लेखाच्या वेळी तो कंपनीत नव्हता असा अर्थ निघतो. जूनची एकच असेल तर आपण माहीत असून लपवलं असं दिसतं. दोन्ही तारखा असल्या तरच खरं कळतं: लेखकाने कळवलं नव्हतं.

म्हणून साधं शीट करा. एका ओळीत एक आवृत्ती: लेखक, पूर्ण मजकूर, कधीपासून खरं, आपल्याकडे कधी नोंदलं, कशावरून. तारीख 2022-06-01 अशी लिहा, म्हणजे ओळी क्रमाने लागतात. जुन्या ओळीला हात लावायचा नाही, बदल झाला की नवी ओळ. आणि लेख प्रसिद्ध करताना त्या दिवशीचा परिचय लेखाच्या मजकुरातच चिकटवा, खात्यातून येणारा डबा बंद करा.

'सध्या कार्यरत', 'गेली 15 वर्षे' हे शब्द परिचयातून काढा. पाच वर्षांनी तोच लेख फिरला की ते आपोआप खोटे होतात. '2007 पासून' लिहिलं की कधीही वाचा, बरोबरच.

कोडवाला_धुळे
दोन तारखांचं पटलं. पण शीटमध्येही कोणी गुपचूप जुनी ओळ बदलू शकतं की. मी म्हणतो शीट ठेवा आणि महिन्याला त्याची फाईल गिटमध्ये टाका.

जुनं_दप्तर
हे मान्य. सांभाळणारा माणूस असेल तर जरूर करा.

सुनंदाताई
एक विचारू? पीएच.डी. झाली असं लिहिलं आणि नंतर कळलं की प्रबंध नुसता जमा केला होता, तर तीही नवी ओळच का?

जुनं_दप्तर
ताई, लाखाचा प्रश्न. नोकरी बदलली तर जुना परिचय त्याच्या दिवशी खराच होता, त्याला हात लावायचा नाही. पीएच.डी. मात्र पहिल्या दिवसापासून चूक. ती ओळ शीटमध्ये राहू द्या, शेजारी 'चुकीचे' आणि कळल्याची तारीख लिहा. आणि तो परिचय ज्या ज्या लेखाखाली आहे तिथे दुरुस्तीची टीप टाका. दोन्हीला एकच 'अपडेट' म्हटलं की चूक करणारा सुटतो.

तापीकाठ
लेखाखाली टीप टाकली, ग्रुपवर क्रमवारी पाठवली. काही जण गप्प झाले, एक-दोघे अजून म्हणतात की पत्र मागाहून बनवलं असेल. ठीक आहे.

नवी अडचण अशी की दुसऱ्या एक लेखिका म्हणतात, जुन्या परिचयातला त्यांचा फोन नंबर आणि आधीच्या संस्थेचं नाव शीटमधूनही पुसा. नंबर लगेच काढतो, त्याने काहीच सिद्ध होत नाही. पण संस्थेचं नाव काढलं तर त्यांचे खतांवरचे लेख कोणाकडे नोकरी करताना लिहिले हेच कळणार नाही. कोणी असं हाताळलंय का?